मिंग रुमडुलच्या वहीतले दोन शेरे

मिंग रुमडुलच्या घरी मलेरिया घेऊन जाणं म्हणजे पोलिसठाण्यात स्वतःहून हजर होण्यासारखं होतं. बाई आधी बोटाला सुई टोचायची, मग जिभेला. "कुठे झोपला होतास? जंगलात? मच्छरदाणी कुठे होती? बायकोला पांघरायला दिली होतीस का?" गोळ्या द्यायची त्या कैद्याला भाकरी द्यावी तशा. समोर गिळ. तोंड उघड. जीभ वर कर. आता अर्धा तास इथेच बस, उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागेल. त्या अर्ध्या तासात ती रुग्णाच्या सासरपासून शेतातल्या कसाव्यापर्यंत सगळ्याची झडती घ्यायची. गावकरी म्हणायचे, ताप परवडला.

आमचा सामलोत तालुका थायलंडच्या सीमेला लागून. मी आरोग्यकेंद्रात काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकातून बघायचो. बातांबांग शहरात दोन वर्षं शिकून आलेलो, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज. मिंग म्हणजे मावशी, रुमडुलला सगळे तसंच म्हणायचे; ती आमच्या केंद्राखालच्या एका गावातली मलेरिया कार्यकर्ती. पगार नाही, पण सरकारने दिलेली एक निळी पेटी: चाचणीच्या पट्ट्या, गोळ्या, काचा, वही. वय अठ्ठेचाळीस, आवाज लाकूड कापायच्या करवतीसारखा.

ती लोकांच्या गोळ्यांवर इतका पहारा का ठेवते, हे मला थोन आजारी पडला त्या पावसाळ्यात कळलं.

थोन तिचा दीर. लाकडाचा ओंडका पायावर पडून पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मिंगच्याच घरी पडून. त्याआधी चार रात्री जंगलात काढून आला होता. दहा दिवसांनी ताप. तिने पट्टी लावली, फाल्सिपेरम, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, निघाला. तीन दिवसांच्या गोळ्या तिने स्वतः दिल्या. त्या गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात: एक आर्टेमिसिनिनच्या घराण्यातलं, झटपट मारणारं, पण रक्तात काही तासच टिकणारं; दुसरं पिपेराक्विन, हळू पण आठवडे टिकणारं. पहिलं गर्दी पांगवतं, उरलेसुरले दुसरं टिपतं.

नियम असा की पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी काच करून माझ्याकडे पाठवायची. तिसऱ्या दिवशी रक्त स्वच्छ हवं. थोनच्या काचेवर मला अंगठीसारखे गोल अजून दिसत होते.

"आहेत," मी म्हणालो.

"किती?"

"मिंग, थोडे आहेत. आर्टेमिसिनिनला परजीवींची ही पोरं आता सरावलीत. लहान अंगठीच्या वयात असताना औषध आलं की वाढ थांबवून दबा धरतात. औषध उतरलं की उठतात. म्हणून साफ व्हायला वेळ लागतो. पण पिपेराक्विन आहे ना. ते बघेल."

"आणि त्यालाही सरावले तर?"

मी तेव्हा काय बोललो ते आठवत नाही. बहुधा हसलो.

सव्विसाव्या दिवशी थोनला पुन्हा हुडहुडी भरली. पाय तेव्हाही प्लास्टरमध्येच.

मिंगच्या वहीत ताप परतलेला हा तिसरा रुग्ण होता. आधीच्या दोघांचाही ताप महिन्याच्या आत परतला होता, आणि दोघांच्या नावापुढे जिल्ह्याच्या पर्यवेक्षकाने, मोनीरात साहेबाने, लाल शाईत एकच शेरा मारला होता: "कार्यकर्तीने गोळ्या देखरेखीखाली दिल्या नाहीत." तीन शेरे झाले की पेटी परत. पेटी गेली तर त्या गावाला सगळ्यात जवळची चाचणी आमच्याकडे, चिखलातून दोन तासांवर. आणि मध्ये बाजार, जिथे ताप म्हटला की दुकानदार रंगीबेरंगी गोळ्यांची पिशवी हातात देतो.

मोनीरात थोनला बघायला आला तेव्हा मीही होतो. त्याने ओसरीवर बसून फॉर्म काढला. पुन्हा ताप येण्याच्या कारणापुढे दोनच चौकोन होते: गोळ्या पूर्ण घेतल्या नाहीत, किंवा पुन्हा डास चावला.

"बाँग रुमडुल, कोणता?" त्याने विचारलं. बाँग म्हणजे ताई.

"तिसरा," मिंग म्हणाली.

"तिसरा नाही."

"मग काढा. औषध हरलं असा चौकोन काढा. हा माणूस महिनाभर माझ्या घरात मच्छरदाणीखाली होता. दिवसातून सहा वेळा प्लास्टरसकट त्याला संडासला मी आणि माझ्या मुलीने नेलंय. गोळ्या माझ्यासमोर गिळल्या. तोंड मी बघितलं, आणि ते तोंड बघण्यासारखं नाहीय."

थोन आतून ओरडला, "वहिनी, मी ऐकतोय!"

"ऐक. आजारी माणसाला ऐकायलाच लागतं."

मोनीरात हसला नाही. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. तो जरा हळू आवाजात म्हणाला, "बाँग, गोळ्यांच्या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे... खाणीवर नव्वद सालात पिशव्या कोण विकायचं, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे."

मला वाटलं आता पेटी डोक्यात बसणार. ती उठलीच नाही. खांद्यावरचा चौकड्यांचा पंचा, क्रमा, काढून मांडीवर ठेवला.

"मी विकायचे," ती म्हणाली. "नीलमच्या खाणीवर. एक आर्टेसुनेट, एक तापाची, एक जीवनसत्त्व, पिशवीत. पूर्ण सात दिवसांच्या गोळ्या कोण घेणार? एका दिवसाच्या घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की खड्ड्यात उतरायचे. मी वाहवा मिळवायचे. लोक म्हणायचे रुमडुलचा हात चांगला. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, की अर्धवट औषधात मरतात ते दुबळे, आणि उरतात ते त्या औषधाला पुरून उरणारे, आणि पुढच्या माणसाच्या रक्तात तेच जातात. सांगितलं असतं तर विकलं नसतं? माहीत नाही. कदाचित विकलं असतं. पण आता माहीत आहे. म्हणून तर मी लोकांची जीभ वर करून बघते. तुम्ही माझ्या पापाचा शेरा माझ्या कामाला लावू नका."

 मग तिने आवाज चढवला.

"आणि एकटी मीच का? माझ्या आईला पाइलिनमध्ये सरकारने औषध घातलेलं मीठ खाऊ घातलं होतं. क्लोरोक्विन, भातात. सगळ्यांच्या रक्तात थोडंथोडं, रोज. मारायला पुरत नाही, शिकवायला पुरतं. केंद्रातल्या या पोरानेच मला सांगितलंय. परजीवी आपलं रक्त खातो, त्या खाण्यातलं विष त्याच्या पोटात साठून तो मरावा अशी क्लोरोक्विनची युक्ती. तर ज्यांच्या पोटाचं दार बदललं, त्यांनी औषधच बाहेर ढकललं. ते वाचले, त्यांची पिल्लं वाचली. इथून निघाली ती पार आफ्रिकेत पोहोचली आणि तिथे पोरं मेली. त्या मिठाला कुणी लाल शाई मारली का?"

मोनीरातने पेनचं टोपण लावलं. "भाषण छान आहे. पुरावा काय?"

पुरावा असतो. पहिल्या तापाचं आणि परतलेल्या तापाचं, दोन्ही रक्तांचे थेंब जाड कागदावर सुकवून राजधानीला पाठवायचे. तिथे परजीवींची वंशावळ जुळवतात. वेगळा निघाला तर नवा डास. तोच निघाला तर तो मेलाच नव्हता, आणि त्यात पिपेराक्विनलाही न जुमानणारी खूण आहे का तेही कळतं. थोनचे पहिल्या दिवशीचे थेंब मिंगने घेतले होते. दुसरे मोनीरात आला त्याच दिवशी घेतले. पावसाळ्यात कागद सुकवणं म्हणजे नवजात बाळ सांभाळणं. चुलीजवळ नाही, उन्हात नाही, आणि मुंग्यांना रक्त फार आवडतं. तिने दोरीला चिमट्याने कागद टांगले आणि दुपारभर पंख्याने वारा घालत बसली. येईल त्या मुंगीला नाव घेऊन शिव्या. नावं सगळी जिल्हा कार्यालयातली होती.

थोनला दुसरा इलाज मिळाला: सात दिवस क्विनाइन आणि टेट्रासायक्लिन. त्याचे कान वाजायला लागले. "वहिनी, तुझा आवाज ऐकू येत नाही," तो आनंदाने म्हणायचा. बरा झाला.

निकाल यायला पाच महिने लागले. मधल्या काळात मोनीरातने तिसरा शेरा मारला नाही, फक्त पेन्सिलने लिहून ठेवला. निकाल आला: तोच परजीवी. आर्टेमिसिनिनला दबा धरणारा, आणि पिपेराक्विनलाही दाद न देणारा. आमच्यासारखे अहवाल सीमेवरच्या बऱ्याच गावांतून गेले असणार, कारण त्यानंतर औषध बदललं. मोनीरात नव्या औषधाची खोकी घेऊन आला.

मिंगने खोक्यावरचं नाव वाचलं. "मेफ्लोक्विन? हे तर आम्ही आधी वापरलेलं. लागू पडेना म्हणून तुम्हीच काढून नेलंत."

"हो," मोनीरात म्हणाला. त्याचा आवाज त्या दिवशी जरा खाली होता. "पण पिपेराक्विनला निर्ढावलेल्यांना मेफ्लोक्विन पुन्हा लागतंय. एका बाजूला हुशार झाले की दुसऱ्या बाजूला कच्चे राहतात. आर्टेसुनेट तेच, जोडीदार बदलला. शिवाय प्रायमाक्विनची एक छोटी मात्रा, म्हणजे डासाकडे जाणारे मरतील."

"किती वर्षं चालेल?"

"बघत राहायचं. तिसऱ्या दिवसाच्या काचा पाठवत राहायच्या. नंतर पुन्हा बदलू."

"म्हणजे आम्ही मागे, ते पुढे." तिने वही त्याच्यापुढे सरकवली. "बरं. पेन्सिल खोडा. आणि ते दोन लालही."

पेन्सिल खोडली. लालवर तो थांबला. "त्या दोघांचा निकाल नाहीय बाँग. त्यांचे कागद राजधानीला पोहोचलेच नाहीत. वाटेत गहाळ झाले, असं केंद्राने कळवलं होतं."

केंद्र म्हणजे मी.

कागद गहाळ झाले नव्हते. तेव्हा मिंग कागद ओलसरच पाठवायची, ते सुकवून पुडीत टाकायचं काम माझं होतं. मला गावच्या लग्नाला जायचं होतं. मी ओल्याचे ओले प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले. आठ दिवसांनी उघडले तर हिरवी बुरशी. गहाळ लिहिणं सोपं होतं. कार्यकर्तीला शेरा मिळेल, हे मला माहीत होतं, आणि आपल्याला मिळणार नाही, हेही.

त्या दिवशी थोन ओसरीवर बसला होता, एका पायाने खोके सरकवत. मिंग माझ्याकडे बघत नव्हती, वहीकडे बघत होती. मी सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, लग्नाचं वगळून. मग लग्नाचंही सांगितलं, कारण तिने विचारलं.

"कुणाचं लग्न?"

"नारितचं."

"त्या नारितचं?" ती म्हणाली. "जेवण तरी चांगलं होतं का?"

मला वाटलं, हसेल. ती उभी राहिली. "एक वर्ष," ती म्हणाली. "एक वर्ष मी प्रत्येक घरात ऐकलं, रुमडुल पुन्हा गोळ्या विकायला लागली. माझ्या मुलीने विचारलं, आई, खरं का? आणि तू दर आठवड्याला इथे येऊन माझा भात खात होतास."

मोनीरातने दोन्ही लाल शेऱ्यांवर रेघ मारली. खाली लिहिलं, "नमुने केंद्राच्या चुकीमुळे नष्ट. शेरा रद्द." माझं नावही लिहिलं, आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं. मी केली.

आता मिंगच्या काचा तिची मुलगी घेऊन येते. डब्यावर नाव, तारीख, वेळ, सगळं नीट. कागदावरचे थेंब मिंग घरीच सुकवते आणि पुडी सील करून पाठवते, माझ्या हातात ओलं काही देत नाही. मेफ्लोक्विनवर सध्या तिसऱ्या दिवशी काही काचांवर अजून अंगठ्या दिसतात, पण महिन्याने परत येणारे कमी झालेत. मी निकाल लिहून देतो. खाली मिंग एकच शब्द लिहून पाठवते, मिळालं.