चार पानांचं स्वागत

तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या संघाचा मी सचिव होतो. दरवर्षी एक दिवसाचं अधिवेशन भरवायचं आणि सुरुवातीला स्वागत-प्रास्ताविक करायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे होती. सन दोन हजारनंतरच्या एका वर्षी आम्ही डिंभे धरणाकाठच्या एका आश्रमशाळेचा हॉल घेतला. फेब्रुवारी होता. कालव्याला पाणी सोडल्यामुळे धरण उतरायला लागलं होतं आणि काठाला वरून वाळलेला दिसणारा गाळ उघडा पडला होता.

आदल्या दिवशी हॉल बघायला गेलो, तेव्हा मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं. "सर, पावण्यांना खाली उतरू देऊ नका. वर पापुद्रा हाय, खाली लई गाळ हाय. मानूस कमरेपर्यंत जातो."

मी ते लिहून घेतलं. चौथ्या पानावर.

पहिल्या दोन पानांत मान्यवरांचं स्वागत होतं, मग संघाचा इतिहास. तिसऱ्या पानावर प्रायोजक. पिशव्या देणारा खतांचा दुकानदार, चहाचं दूध देणारी डेअरी, वह्या-पेनं देणारा पुस्तकवाला, प्रत्येकाबद्दल एक परिच्छेद. दुकानदार पहिल्या रांगेत बसणार होता, म्हणून त्याचा परिच्छेद जरा मोठाच केला. चौथ्या पानावर सत्रांच्या वेळा, स्वच्छतागृह कुठे आहे, शेवटची एसटी किती वाजता आहे आणि सर्वांत शेवटी: हात धुवायला इमारतीमागे दुसरी टाकी आहे, पाण्याकडे कुणीही उतरू नये.

पस्तीस मिनिटं बोललो. शेवटच्या पानावर आलो तेव्हा मागच्या रांगा गप्पांत होत्या, काही जण चहाला उठले होते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणून मी ते पान भराभर वाचलं.

जेवणं झाल्यावर इमारतीपुढच्या एकाच नळावर सव्वाशे माणसांची रांग लागली. लोणीचे एक शिक्षक रांग सोडून हात धुवायला उतारानं खाली गेले. तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातला माणूस. बरोबरच्याला म्हणाले होते, "राव, एवढं पाणी समोर असताना नळाला कशाला थांबायचं?" पाण्यापासून दोन-तीन हातांवर ते रुतले. बाहेर पडायला जोर केला तसे तोल जाऊन पाण्याच्या बाजूला पडले. तोच मासेमारी करणारा म्हातारा होडी घेऊन आला, पण तोवर उशीर झाला होता. त्यांना वर आणलं तेव्हा नळावरची रांग अजून तशीच होती. पुढचे लोक हातात खरकटी पत्रावळ धरून नुसते उभे होते.

पोलिसांनी मला एकच विचारलं, सूचना दिली होती का? मी चौथं पान दाखवलं. त्यांनी ते पंचनाम्याला जोडलं. संघातले सगळे म्हणाले, सर, तुमचा काही दोष नाही, तुम्ही सांगितलं होतं. ते मला महिनाभर पुरलं नाही, दहा दिवसही नाही.

दहाव्याला लोणीला गेलो. त्यांची बायको अंगणवाडीत काम करायची. लोक पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमी सांगितलं व्हतं म्हनं?"

"सांगितलं होतं. पण शेवटी. तोवर कुणी ऐकत नव्हतं."

"त्यांनी ऐकलं का न्हाई?"

"माहीत नाही. ते मागच्या रांगेत होते."

"मंग सांगितलं न्हाईच म्हनायचं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटत होतं, तिनं ओरडावं.

पुढच्या वर्षी अधिवेशन दुसऱ्या एका गावच्या शाळेत होतं. मी सचिवपद सोडायला निघालो होतो, पण घ्यायला कुणी तयार होईना. स्वागत लिहायला बसलो तर आठ दिवस काही जमेना. शेवटी इतिहास काढला, मान्यवरांची विशेषणं काढली. उरलं ते घड्याळ लावून घरी मोठ्यानं वाचलं, तीन मिनिटं भरली.

त्या दिवशी उभा राहिलो आणि पहिल्यांदा धोक्याचं सांगितलं: शाळेमागच्या विहिरीला कठडा नाही, तिकडे कुणी जाऊ नका. हात धुवायला तीन ठिकाणी पाणी ठेवलंय. मग सत्रांच्या वेळा, जेवण, एसटी. मग प्रायोजकांना एकेक वाक्य: पिशव्या यांनी दिल्या, दूध यांनी दिलं, आम्ही आभारी आहोत. शेवटी विहिरीचं पुन्हा. मागच्या रांगेतल्या एका बाईंना विचारलं, "मॅडम, कुठं जायचं नाही?" त्यांनी उत्तर दिलं. सगळे हसले. मला हसता आलं नाही.

चहाच्या वेळी खतांचा दुकानदार जवळ आला. "सर, येवढ्या पिशव्या दिल्या, आन् आमचं एकाच वाक्यात उरकलं?"

"हो भाऊ," मी म्हणालो. त्याला आणखी काही सांगावंसं वाटलं होतं, पण लोणीच्या त्या घरातलं बोलणं चहाच्या टेबलाशी बोलण्यासारखं नव्हतं. तो पुढच्या वर्षी आला नाही. मी आणखी सहा वर्षं स्वागत करत राहिलो, आणि दर वेळी मागची रांग माझ्याकडे बघायला लागेपर्यंत तोंड उघडायला मला भीती वाटायची.