मशीनच्या आवाजाचं बिल

आमच्या घरात जो जास्त आवाज करतो तोच दोषी ठरतो. मी लग्न करून श्रीरामपूरला आले तेव्हापासून हा मान माझा होता. गेल्या दसऱ्याला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, राजेश्वरीने, एम्ब्रॉयडरीचं मशीन आणलं आणि माझी सुटका झाली.

राजेश्वरी म्हणजे बोलायला अर्धी आणि कामाला दीडपट. नवरीच्या ब्लाऊजवर पाठीमागे नवरा-नवरीचं नाव काढून हवं असलं की बायका तिच्याकडे येतात. माहेरच्या जमिनीतून तिच्या वाट्याला आलेले पैसे तिने सोन्यात न घालता त्या मशीनमध्ये घातले, आणि ते आमच्या हॉलच्या खिडकीशी बसवलं. चालू झालं की असा खडखडाट, की आत कपाटातल्या वाट्या नाचायच्या. सासूबाई, म्हणजे गोजरबाई, त्या दिवशी पेढे वाटत होत्या आणि कानात कापूस घालून वाटत होत्या.

थंडीत विजेचं बिल आलं. दीडशे युनिटचं घर आमचं, एकदम दोनशे नव्वदवर. रक्कम साडेतीन हजाराच्या घरात. राजेश्वरीचे मालक, माझे मोठे दीर कल्याणभाऊजी, टेम्पो चालवतात. त्यांनी बिल वाचलं, मशीनकडे पाहिलं, आणि खटला तिथेच संपला.

"हेच खातंय वीज. आवाज ऐक की त्याचा! एवढा आवाज काय फुकट व्हतोय व्हय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा. खरंच, एवढं ओरडणारं यंत्र कमी वीज खाईल असं कोणाच्या मनात येईल?

मग भाऊजींनी धंद्यावर खर्च चढवायला घेतला. बिलात जेवढी वाढ झाली, दोन हजारांच्या वर, ती सगळी धंद्याची. मशीन हॉलमध्ये आहे म्हणून हॉलचं भाडं धंद्याचं. घरभाडं सहा हजार, खोल्या तीन सारख्या, म्हणजे दोन हजार. डिझाईन मोबाईलवर येतात म्हणून इंटरनेटचे सहाशे पूर्ण धंद्याचे. राजेश्वरीला दोरा-सुई-कापड जाऊन महिन्याला साडेचार हजार सुटायचे. भाऊजींच्या हिशेबाने ते सगळे जाऊन वर तिनेच घराला देणं निघालं.

"धंदा घाट्यात हाय," ते म्हणाले. "बेलापूरच्या बिभीषणमामाला मशीन पायजेच हाय. रविवारी बघायला येतो म्हणला."

राजेश्वरी उठली. मशीनवर चादर घातली आणि चादरीचे कोपरे उगाच सरळ करत बसली. ते बघून माझं डोकं सटकलं. तोंडाळ माणसाला एक फायदा असतो, विचार नंतर केला तरी चालतं.

"भाऊजी, ह्याच इंटरनेटवर आत्याबाई सकाळ-संध्याकाळ कीर्तन बघतात. तेपण धंद्यात का?"

गोजरबाई उसळल्या. "माझ्या कीर्तनाला मधी आणायचं न्हाई!"

"आणि हॉलमध्ये रात्री आम्ही दोघं नवरा-बायको झोपतो ते? आम्ही काय ब्लाऊज आहोत?"

इथे राजेश्वरीला हसू फुटलं. आणि तिचं हसू म्हणजे कुकरची शिट्टी, एकदा सुरू झालं की वाफ संपेपर्यंत थांबत नाही. हसता हसता ती म्हणाली, "मोजूनच बघू ना. माझं जेवढं निघंल तेवढं मी भरते, एक रुपया कमी न्हाई. पन माझंच भरीन."

शनिवारी सकाळी मोजायचं ठरलं. मीटर बाहेर बोळात. त्यावर एक लाल दिवा असतो, वीज जाईल तसा लुकलुकतो. जास्त वीज, जास्त लुकलुक. घरातलं सगळं बंद करायचं, एकेक वस्तू लावायची आणि दिवा बघायचा. बघायला निःपक्ष माणूस हवा म्हणून शेजारी राहणाऱ्या घरमालकांना, चांदभाईंना, स्टूल देऊन मीटरखाली बसवलं. ते आधी घाबरले. "वायरिंगला काही झालं का?" नाही म्हटल्यावर खुश होऊन चहा मागून घेतला.

फ्रीज बंद, पंखे बंद, माझ्या नवऱ्याचा चार्जर काढला. दिवा थांबला. भाऊजी दारात उभे राहून ओरडले, "मशीन लाव!"

खडखडखडखड! वाट्या नाचल्या, समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. आम्ही सगळे चांदभाईंकडे बघतोय. चांदभाई मीटरकडे. एकदा लुकलुकलं. मग काहीच नाही. चांदभाईंनी चहाचा घोट घेतला, गिळला, मिशी पुसली, तेव्हा कुठे दुसऱ्यांदा लुकलुकलं.

"चाललंय का मशीन?" त्यांनी आतल्या दिशेने विचारलं. कानठळ्या बसत होत्या आणि हा माणूस विचारतोय चाललंय का! मी भिंतीला धरून खाली बसले. हसून पोटात कळ आली.

मग ब्लाऊजची इस्त्री लावली. दिवा चांगलाच पळायला लागला, आणि राजेश्वरी आतून आपणहून म्हणाली, "इस्त्री माझी. रोज अर्धा तास. लिहा ती माझ्याकडं."

"आता कायतरी घरचं लावा," चांदभाई म्हणाले. त्यांना गोडी लागली होती.

घरचं म्हणून गोजरबाईंनी बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला. सिलिंडर वाचावा म्हणून दिवाळीच्या बाजारात त्यांनीच घासाघीस करून आणलेला. रॉड बिचारा मुका. हूं नाही की चूं नाही. पण बोळातून चांदभाई ओरडले, "अरे अरे अरे! थांबा! हे मोजताच येत न्हाई!"

सगळे बाहेर धावलो. दिवा वेड लागल्यासारखा लुकलुकत होता. मशीनला पाच-सहा सेकंदांनी एकदा, रॉडला सेकंदाला एकाहून जास्त. दोन्ही वस्तूंवर वॅटचे आकडे छापलेले होतेच, आधी कोणी वाचले नव्हते. मशीन दोनशे वॅट, रॉड दीड हजार. एक हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. मशीन रोज पाच तास, म्हणजे एक युनिट. रॉड पाच माणसांच्या पाच बादल्यांना सव्वादोन तास तरी, म्हणजे सव्वातीन-साडेतीन युनिट. महिन्याला मशीन तीस, इस्त्री दहा-बारा, आणि रॉड शंभर.

मशीन दसऱ्याला आलं, रॉड दिवाळीला, आणि जे ओरडत होतं त्याच्या नावावर आम्ही सगळं बिल फाडलं होतं.

"मला काय ठाव," गोजरबाई पुटपुटल्या. "त्यो कवा बोललाच न्हाई." मग स्वतःच हसायला लागल्या आणि हसता हसता माझ्या पाठीत धपाटा घातला. पाठ माझी का, ते त्यांनाच माहीत.

भाऊजी मात्र सहजी हरणारे नाहीत. "शंभर युनिटच्या वर दर जवळजवळ डबल व्हतो. घराचे युनिट आधीचे. धंद्याचे वरचे. म्हंजी म्हागाचे युनिट धंद्याचे."

"रॉड तर मशीनच्या नंतर आला," राजेश्वरी म्हणाली. "मग सगळ्यात वरचे रॉडचे."

त्यावर पंधरा मिनिटं अशी भांडाभांडी झाली की बोळातली रहदारी थांबली. शेवटी ठरलं, मीटर एक, बिल एक, आधी कोण आणि नंतर कोण हे बघायचं नाही. दोनशे नव्वदातले चाळीसेक युनिट धंद्याचे, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. पाचशे रुपये.

इंटरनेटचं पटकन मिटलं. नुसत्या घराला चारशेचं पुरलं असतं. सहाशेचं घेतलं ते धंद्यासाठी. वरचे दोनशे धंद्याचे आणि चोवीसपैकी सहा तास दुकान म्हणून चारशेतला पाव हिस्सा, असे तीनशे. कीर्तन सुटलं.

हॉलच्या भाड्याला मात्र गोजरबाईंनी पदर खोचला. "जागा म्हंजी जागा. तिचं भाडं सोडायचं न्हाई." राजेश्वरीने शिवणाचा खडू घेतला आणि फरशीवर रेघ ओढली. मशीन आणि दोऱ्यांच्या कोपऱ्याला हॉलचा चौथा भाग जात होता. तो दिवसरात्र धंद्याचाच, म्हणून त्याचे पाचशे पूर्ण. उरलेला हॉल अकरा ते पाच गिऱ्हाइकांचा आणि बाकी वेळ घराचा. दीड हजारातले चोवीसपैकी सहा तास, म्हणजे पावणेचारशे.

"पन दुपारी मी हितं पडते," गोजरबाई रेघेकडे बघत म्हणाल्या. "माझं पाय तुझ्या दुकानात येत्यात."

"पायांचं सोडलं, आत्याबाई."

"सोडायचं न्हाई. दुकान म्हंजी दुकान! मी आत पडत जाईन. पन तू नऊशे भर." पावणेनऊशेचे नऊशे त्यांनी एका दमात केले, आणि राजेश्वरीने हसत मान्य केले.

सगळं मिळून सतराशे. साडेचार हजारातून सतराशे गेले तरी तिच्या हातात अठ्ठावीसशे राहत होते. तिने तीनदा वजाबाकी केली. तिसऱ्यांदा तोच आकडा आला तेव्हा तिचे डोळे भरले, आणि खरं सांगते, माझेही. घाट्यात नव्हती ती. इतके दिवस आपण घरावर ओझं आहोत असं समजून गप्प बसलेली बाई घराचं भाडं भरणारी निघाली. भाऊजी मान खाली घालून रॉडची वायर गुंडाळत होते. मामांना फोन करायचा धीर काही त्यांना झाला नाही.

त्यामुळे रविवारी दुपारी बारा वाजता बिभीषणमामा दारात हजर. सोबत मशीन न्यायला पिकअप. आत राजेश्वरी एका नवरीचं नाव काढत होती, दोन बायका सतरंजीवर बसल्या होत्या, खडखडाट जोरात. मामा चपला काढून हॉलकडे वळले, तशा गोजरबाई आडव्या झाल्या.

"हालमधी न्हाई, बिभीषण. सैपाकघरात चल."

"आगं पन मशीन बघायचंय ना?"

"पाचपातुर तिथं मलाबी जाता येत न्हाई," सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मशीनच्या वरून ऐकू गेलं. "माझ्या सुनंनं भाडं भरलंय त्याचं."