आईचं नाक आणि कार्बनचा फिल्टर

ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या नळाला कार्बनचा फिल्टर बसवला, तेव्हा फिल्टरवाला म्हणाला होता, "दर सहा महिन्यांनी आतलं कोळशाचं कार्ट्रिज बदला." आई फणकारली, "कॅलेंडरला नाक असतं का?"

तेव्हापासून रोज सकाळी पहिला पेला ती हुंगायची. क्लोरीनचा वास आला की मला हुकूम सुटायचा, "बोलाव त्याला." मी घाईत नळ मोठा सोडला तर ओरडायची, "बारीक धार धर! कोळशात पाणी जरा रेंगाळलं तरच वास जातो."

यंदा मात्र चहात तो वास मलाच आला. आई म्हणाली, "काही नाही, पाणी चांगलं आहे." मी धार बारीक केली, तरी वास तसाच. म्हणजे कार्ट्रिज संपलं होतं. तेवढ्यात गॅसवरची फोडणी करपली. मी धावले. आई कढईशेजारी उभी राहून शांतपणे कोथिंबीर निवडत होती. तिला वासच येत नव्हता. मी गॅस बंद केला आणि फिल्टरवाल्याला बोलावलं.

नवं कार्ट्रिज बसवलं, सुरुवातीचं काळपट पाणी सोडून दिलं आणि पेला तिच्या हातात दिला. तिने नेहमीसारखा हुंगला, मग हळूच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसले.

"आता कसं झकास!" ती ठसक्यात म्हणाली.

हल्ली तिच्याआधी उठून मी पाणी हुंगते. निकाल मात्र तीच देते, माझ्या तोंडाकडे बघून.