आधी रक्त, मग साखर

माझ्या वडिलांना दारुडा ठरवायला गिरणीला जेमतेम अर्धी सकाळ पुरली. ते दारुडे नाहीत हे ठरवायला इस्पितळाला त्यांना उपाशी ठेवावं लागलं. या गोष्टीचा मला तेव्हा राग आला आणि आजही येतो.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या वर्षी पहाटे काही न खाता पहिल्या पाळीला गेले की बाबा मध्येच घामाघूम व्हायचे, हात थरथरायचे, जीभ जड व्हायची, एकाचे दोन दिसायचे. कुणीतरी साखर घातलेला चहा पाजला की पाच-दहा मिनिटांत माणूस ठणठणीत. रविवारी उशिरा उठले तरी तेच. एरवी घरात आई उठल्याउठल्या त्यांच्या हातात चहा-चपाती द्यायची, म्हणून आम्हाला ते फार दिसत नव्हतं. सारखं खाऊन खाऊन बाबांचं अंगही सुटलं होतं.

एका सकाळी ते साच्यावर झोकांड्या खाऊ लागले आणि मुकादमाला शिवी घातली. आयुष्यात ज्यांनी आम्हाला "गाढव" याच्यापुढे शब्द वापरला नाही, त्यांनी! गिरणीच्या डॉक्टरने तोंडाचा वाससुद्धा न घेता नशेत असल्याचा शेरा मारला. बाबा निलंबित झाले. चाळीत दुसऱ्या दिवशी नळावर बायका आईकडे बघून गप्प होऊ लागल्या. ज्यांच्या पोरांना बाबांनी कडेवर घेऊन गणपती दाखवले, त्याच त्या बायका. डोक्यात तिडीक जायची माझ्या.

शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीण बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "चहा प्यायल्यावर बरं वाटतं?" एवढं एकच त्यांनी तीन वेळा विचारलं. घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतं का, हेही विचारलं. कुणीच घेत नव्हतं. मग म्हणाल्या, स्वादुपिंडात गाठ असू शकते, इन्शुलिन सोडणारी. भरती करून उपाशी ठेवावं लागेल. लागलं तर तीन दिवस. फक्त पाणी.

"अन्नावाचून ज्याला चक्कर येते, त्याला उपाशी ठेवणार तुम्ही?" मी वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, याचाही मला राग आला.

बाबा मात्र खूश होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते तुरुंगात गेले होते आणि तिथे तीन दिवस अन्नाला शिवले नव्हते. माफीनामा लिहून दे, सोडतो, असं सांगितलं तरी लिहिला नव्हता. घरात ही गोष्ट सणासुदीला व्हायचीच. "तीन दिवस काय, चार काढीन," ते बाईंना म्हणाले.

बाई खाटेवर टेकल्या. "काका, तेव्हा काही झालं नाही ना? बरोबर. धडधाकट माणसाने खाल्लं नाही की स्वादुपिंड इन्शुलिन जवळपास थांबवतं. यकृत साठवलेली साखर सोडतं, चरबी जळते, डोकं चालू राहतं. गाठीला हे कळत नाही. पोट रिकामं असो की भरलेलं, ती इन्शुलिन सोडतच राहते आणि साखर खाली जाते. तुम्हाला इथे जिंकायचं नाहीये. तुम्हाला त्रास होईल त्याची आम्ही वाट बघणार आहोत. लपवू नका."

बाबांनी मान हलवली आणि पहिल्याच दिवसापासून लपवायला सुरुवात केली. दर काही तासांनी नर्स रक्त घ्यायची. एक नळी साखरेसाठी, दुसरी इन्शुलिनसाठी, ती बर्फात ठेवून न्यायची. अधूनमधून त्यांना वऱ्हांड्यात चालायला लावायचे. हात थरथरायला लागला की ते तो उशीखाली घालायचे. कपाळाचा घाम पुसून "पंखा नीट फिरत नाही" म्हणायचे. हा माणूस सत्याग्रहाला बसला होता, आणि मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

आई पदरात खडीसाखर बांधून आली. नर्सने धरलं तेव्हा आई कडाडली, "माणूस मरतलो गो असो उपाशी!"

"एक खडा दिलात तर पहिल्यापासून उपाशी ठेवावं लागेल," बाई म्हणाल्या. "साखर वर गेली की गाठ झाकली जाईल. नुसती साखर कमी दिसून भागत नाही. साखर तळाला गेलेली असताना, त्याच रक्तात इन्शुलिन आहे का, हे बघायचंय. तेव्हा ते नसायला हवं. असलं, तरच सर्जन पोट उघडेल. एवढीशी गाठ फोटोत दिसत नाही. अंदाजाने कुणी सुरी लावत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी साखर उतरू लागली, तशी नर्स तासातासाला येऊ लागली. बाबांचं बोलणं अडखळलं. मग त्यांनी मला विचारलं, "तू कोण?" बाई आल्या तर त्यांच्याकडे बोट दाखवून ओरडले, "पोलिसांच्या हातचं खाणार नाही! सही करणार नाही!" सगळा वॉर्ड बघत होता. बाबांचे डोळे फिरत होते, सदरा घामाने चिकटला होता.

"साखर द्या!" मी बाईंचा हात धरला. "द्या ना!"

"आधी रक्त." त्यांनी माझा हात झटकला. "आत्ताचं रक्त घेतलं नाही तर दोन दिवस फुकट गेले. सोड मला."

दोन वॉर्डबॉयनी बाबांना धरलं, नर्सने नळ्या भरल्या, आणि सुई तशीच ठेवून तिच्यातून ग्लुकोज सोडलं. किती वेळ लागला सांगू? मी आईच्या पदरातली खडीसाखर मोजून संपवली नसती, तेवढ्यात बाबांनी डोळे मिचकावले आणि विचारलं, "आज पेपर आला नाही काय?"

त्यांना काही आठवत नव्हतं. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर मुठी आपटल्या. एवढं सोपं होतं! दहा मिनिटं शेजारी उभं राहून बघणारा एक माणूस त्या सकाळी गिरणीत निघाला नाही.

चार-सहा दिवसांनी उत्तर आलं. साखर तळाला होती आणि इन्शुलिन थांबलेलं नव्हतं. सर्जनने पोट उघडून बोटांनी चाचपत गाठ शोधली. चिंचोक्याएवढी निघाली. त्यानंतर बाबांना सकाळी कधीही घाम फुटला नाही.

बरे झाल्यावर ते गिरणीत गेले. कामगार अधिकाऱ्याने इस्पितळाचे कागद चाळले आणि बाजूला सारले. म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण शेरा शेरा असतो. "यापुढे दारू पिऊन कामावर येणार नाही, असं लिहून द्या. उद्यापासून या."

संध्याकाळी बाबा घरी आले, चप्पल काढली, पाणी मागितलं. मी विचारलं, "तोंडावर फेकलात ना कागद?"

"सही करून आलो."

मी इतकी ओरडले की शेजारचं दार उघडलं. पोलिसांना जे दिलं नाही ते या माणसाला दिलं? उपाशी राहिलात ते कशासाठी? बाबा कपड्यांचं गाठोडं उशाला घेऊन आडवे झाले आणि म्हणाले, "तेव्हा भूक माझी एकट्याची होती गो."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. राग गिरणीवर होता, पण समोर तेच होते.