साळूबाईचा उजवा हात

पंचवटीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या साळूबाईच्या समोरच माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिची मुलगी वेदिका फिजिओथेरपीच्या कॉलेजला लागली आणि एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. त्यात आर्थिक गरज आणि पुढचं ध्येय यावर निबंध होता. माझ्याकडे तयार निबंध असतो, पोरं नाव बदलून तोच चिकटवतात. वेदिकाने तो वाचून नाक मुरडलं आणि स्वतःच लिहिलं, 'वडिलांनी मे महिन्यात आईचा उजवा हात मोडला. त्या हाताने भाजीची पाटी उचलवत नाही, म्हणून कमाई निम्म्यावर आली. मला असे हात पुन्हा चालते करायचेत.'

पालकाची सही हवी होती. आईचीही चालते, पण मी मूर्खासारखं सवयीने बापालाच, पुंजाला, बोलावलं. पुंजाने निबंध वाचला आणि पोरीचे केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. कीबोर्डवर रक्त सांडलं. मी किंचाळले. साळूबाई तराजूचं दोन किलोचं वजन घेऊन धावत आली आणि तिने ते त्याच्या जबड्यावर हाणलं. त्याचे दोन दात फरशीवर पडले. तोंड दाबून तो पळाला.

साळूबाईने सही केली. मी अर्ज पाठवणार, तोच तिने मला थांबवलं.

"ताई, त्यात लिवलंय, माझा हात चालत नाय. आता ते खोटं झालं का?"

नाकाला रुमाल लावून वेदिकाने विचारलं, "आई, मारलंस कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"मग पाठवा, ताई."