जास्त कोरडी

आमचे मामा आयुष्यभर बुटांच्या दुकानात होते. ते बंद पडल्यावर वाइनच्या दुकानात लागले, पण डोक्यातले बूट काही निघाले नाहीत. गिऱ्हाइकाला बाटली दाखवताना म्हणायचे, "हिचा नंबर तेरा. तुम्हाला घट्ट होईल, बारा घ्या." तेरा म्हणजे अल्कोहोलचे टक्के, हे त्यांना माहीत होतं, जीभ मात्र ऐकत नव्हती. गिऱ्हाईक आपल्या पायांकडे बघत निघून जायचं.

पन्नाशीच्या तोंडावर मामा प्रेमात पडले, तेही दुकानातल्याच कॅशियरबाईंच्या. बाई म्हणजे नुसता हिशेब. मामांनी आडून आडून आवड विचारली, तर म्हणाल्या, "मला गोड अजिबात चालत नाही. ना वाइन, ना बोलणं."

मामांनी आठवडाभर लेबलं वाचली आणि फेसाळ वाइनची एक बाटली विकत घेतली. धीर द्यायला मला, म्हणजे सख्ख्या भाचीला, सोबत नेलं. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या खोलीत बाईंना बसवलं, बूच उडवलं, कागदी पेले भरले आणि बाटली छातीशी धरून ते कामाला लागले.

"द्राक्ष शार्डने. टक्के बारा, अगदी मापाचे. साल एक्याऐंशी, म्हणजे तुमचं जन्मसाल. आणि एक्स्ट्रा ड्राय, म्हणजे सगळ्यात कोरडी, गोडाचं नाव नाही!"

मला वाटलं, जिंकले मामा.

बाईंनी चष्मा लावून बाटली हातात घेतली. "द्राक्ष बरोबर. टक्केही बरोबर. एक्याऐंशी हे कंपनी सुरू झाल्याचं साल. वर 'स्थापना' लिहिलंय, वाचा. हिच्यात निरनिराळ्या सालांची वाइन एकत्र केलीय, म्हणून हिच्यावर पिकाचं साल छापलेलंच नाही. आणि माझा जन्म चौऱ्याऐंशीचा आहे!"

मामांचा चेहरा पडला. मला हसू आवरेना, म्हणून मी खोक्यांमागे वाकून बुटाची नाडी बांधू लागले. माझ्या पायात सपाता होत्या.

"पण कोरडी तर आहे ना?" मामांनी जीव गोळा करून विचारलं.

"फेसाळ वाइनमध्ये 'ब्रूट' लिहिलेली असते ती कोरडी. एक्स्ट्रा ड्राय तिच्याहून गोड असते."

"जास्त कोरडी ती जास्त गोड? हे कुठल्या गाढवानं ठरवलं?"

"ते मला माहीत नाही. पण तसंच आहे."

बाईंनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "गोड आहे."

मामा भिंतीला टेकले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली, की हसू कुठल्या कुठे गेलं. "माझं काही खरं नाही," ते पुटपुटले. "द्या इकडे. बदलून ब्रूट आणतो."

बाईंनी पेला घट्ट धरला, पुन्हा एक घोट घेतला आणि काउंटरवरच्याच आवाजात म्हणाल्या, "उघडलेली बाटली आपण परत घेत नाही. बसा इथे."