वाघ, मोटार आणि आबांची कॉमेंट

आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी. मूर्खही पहिला मीच, फक्त त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

बारावीनंतर पत्रकारितेच्या कॉलेजात मुलाखत होती. चुलतभाऊ पप्या म्हणाला, "तिथं आधी तुझं प्रोफाइल बघत्यात म्हणं." घरी येऊन पाहिलं. दुसऱ्याचा गॉगल लावून, दुसऱ्याच्या बुलेटवर बसलेला मी, आणि वर लिहिलेलं, 'वाघ एकटाच फिरतो.' (बुलेट स्टँडवर होती. वाघाला चालवता येत नव्हती.)

त्याहून वाईट म्हणजे खाली आबा. आमच्या आजोबांना वाटायचं, कॉमेंट म्हणजे चिठ्ठी. ज्याची त्यालाच दिसते. म्हणून वाघाच्या खाली अख्ख्या पिंगळी गावाला दिसेल असं, 'विहिरीवरची मोटार चालूच राहिली. बंद करून ये. शर्ट आत खोस.' प्रत्येक फोटोखाली असंच.

ॲक्टिव्हिटी लॉग उघडला, झाडून सगळ्या पोस्टवर टिचक्या मारल्या आणि ट्रॅशमध्ये ढकलल्या. पोस्टबरोबर खालच्या कॉमेंटही गेल्या. राहिला एकच फोटो, कुणाच्या तरी हळदीत नाचतानाचा. पण तो पप्यानं टाकलेला. दुसऱ्याची पोस्ट आपल्याला पुसता येत नाही, फक्त आपला टॅग काढता येतो. तो काढला.

"पप्या, डिलीट कर की."

"न्हाई. त्यात मी लय चांगला दिसायलोय."

संध्याकाळी आबा मोबाइल घेऊन आले. "मी लिवलेलं कुठं गेलं रं?"

"पुसलं आबा. मुलाखत हाय."

"बरं केलंस. मोटार बंद केली का, तेवढं सांग." मग ओट्यावर बसून ते बराच वेळ अंगठ्यानं रिकामी स्क्रीन सरकवत राहिले.

ट्रॅशमधलं तीस दिवसांत परत आणता येतं. मुलाखत झाली की आणू, म्हटलं.

मुलाखतीत मॅडमनी खरंच प्रोफाइल उघडलं. "पत्रकार व्हायचंय, आणि इथं एक ओळ नाही?"

"लिहितो मॅडम."

"मग वाचतं कोण?"

मी मान खाली घातली. शर्ट बाहेर होता.

मार्कांवर प्रवेश मिळाला. पेढे वाटण्यात महिना गेला आणि ट्रॅश आपोआप रिकामा झाला. आबांनी पुन्हा कधी कॉमेंट केली नाही. शेवटच्या वर्षाला मी असताना ते गेले. पदवीचा फोटो टाकला तेव्हा खाली अभिनंदनाची रांग लागली. शर्टाबद्दल कुणी बोललं नाही.

आता मी पप्याच्या त्या हळदीच्या फोटोवर जातो. खाली आबा आहेत. 'नाच झाला की जेवून घे. मोटार मी बंद केली.'

परवा पप्याचा फोन आला. त्याचं लग्न ठरलंय, जुनं सगळं साफ करायलाय. "तुझा तो हळदीतला पण उडवतो. तूच मागं लागला होतास."

"नको, राहू दे."

"का रं?"



"त्यात मी लय चांगला दिसायलोय," म्हटलं.